चाळीस पानांचं ब्रोशर, एक कागद

मी एचआरमध्ये आहे. ग्रुप मेडिक्लेमची एनरोलमेंट सुरू झाली की चाळीसेक पानांचं पीडीएफ येतं आणि ते एका कागदावर आणायचं काम माझ्याकडे असतं. कसं करते, ते एका उदाहरणावरून सांगते.

समजा, तुमच्यापुढे दोन प्लॅन आहेत. पहिला तीन लाखांचा, त्यात आईवडील आहेत. दुसरा पाच लाखांचा, पण आईवडिलांसाठी वेगळा प्रीमियम भरायचा. तुमच्या आईला मधुमेह आहे आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन याच वर्षी करायचंय.

ब्रोशरमध्ये आधी उपचारांची लांबलचक यादी असते. मी ती बाजूला ठेवते आणि 'फॅमिली डेफिनिशन' शोधते. आई कव्हरमध्येच नसेल तर यादी वाचून उपयोग काय? लग्न झालेल्यांनी इथे जपून वाचा. बऱ्याच पॉलिसींत आईवडील किंवा सासू-सासरे, यातली एकच जोडी घेता येते. तुमची आई आणि बायकोचे वडील असं चालत नाही.

मग वेटिंग पिरियड. हे तीन प्रकारचे असतात, आणि लोक तिन्ही एकत्र करतात. पहिले तीस दिवस आजारपणाचा क्लेम मिळत नाही, अपघाताचा मिळतो. मोतीबिंदू, हर्निया अशा ठरावीक आजारांना वेगळी मुदत असते, बहुतेकदा दोन वर्षं. आणि आधीपासून असलेल्या आजाराला आणखी वेगळी, नियमाप्रमाणे जास्तीत जास्त तीन वर्षं. ग्रुप पॉलिसीत हे सगळं अनेकदा माफ असतं, ब्रोशरमध्ये 'वेव्ह्ड' लिहिलेलं असतं. पण कोणासाठी माफ, ते बघा. आपल्या उदाहरणात पहिल्या प्लॅनमध्ये सगळ्यांना माफ आहे, दुसऱ्यात पैसे भरून घेतलेल्या आईवडिलांना नाही. म्हणजे पाच लाखांचा आकडा मोठा, पण आईच्या डोळ्याला यंदा शून्य रुपये.

आता उपचार. मोतीबिंदूला चोवीस तास ॲडमिट राहावं लागत नाही, म्हणून तो 'डे-केअर'मध्ये शोधा. शेजारी 'सब-लिमिट' असते. समजा एका डोळ्याला चाळीस हजार आहे आणि बिल साठ हजारांचं झालं, तर वीस हजार खिशातून. शुगरच्या रोजच्या गोळ्या ओपीडीत येतात आणि साध्या प्लॅनमध्ये ओपीडी नसते.

तर या घरासाठी माझ्या कागदावर एवढंच येतं: पहिला प्लॅन, आई आहे, वेटिंग नाही, एका डोळ्याला चाळीस हजारांपर्यंत. आईला मधुमेह नसता आणि ऑपरेशनही नसतं, तर मीच दुसऱ्याचा विचार करा म्हटलं असतं.

जिथे ब्रोशर गोल गोल बोलतं, तिथे इन्शुरन्स डेस्कला मेल करून लेखी उत्तर घ्या. फोनवरचं 'हो सर, कव्हर्ड आहे' क्लेमच्या वेळी दाखवता येत नाही. आणि आईवडिलांची नावं आत्ताच भरा. नवा जोडीदार किंवा नवं बाळ सहसा वर्षाच्या मध्येही, दिलेल्या मुदतीत जोडता येतं. आईवडिलांसाठी मात्र खिडकी बहुधा पुढच्या वर्षीच उघडते.