फुगलेला टेट्रापॅक आणि मोबाइलमधला फोटो



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात दूध ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. संगमनेर असो की श्रीरामपूर, डेअरीवर कॅनचं झाकण उघडलं की नाक आधी निकाल देतं. टेट्रापॅकपुढे मात्र नाकाचं काही चालत नाही, कारण तो बंद असतो. मग फोटो काढून व्हॉट्सॲपवर विचारणा होते, “हे चालेल का?”

त्यावर माझं पहिलं म्हणणं असं, की फोटो पॅकला नापास करू शकतो, पास करू शकत नाही.

टेट्रापॅकमध्ये जाड कागद, प्लॅस्टिकचे पातळ थर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा अगदी तलम पापुद्रा असतो. दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून, निर्जंतुक केलेल्या या पॅकमध्ये भरतात. म्हणूनच ते फ्रिजबाहेरही महिनोन्‌महिने टिकतं. शिवण बरेचदा दुधाच्या पातळीखाली मारतात, त्यामुळे आत हवा जवळजवळ उरत नाही. असा पॅक नुसत्या उन्हाने फुगत नाही. फुगला, तर आत जंतूंनी वायू केला असंच धरायचं.

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याहून नात्यातल्या एका मुलीने मला फोटो पाठवला. एक लिटर दुधाचा एक पॅक आणि ज्यूसचे काही छोटे पॅक. फोटो अगदी जवळून, वरून काढलेला, त्यामुळे सगळेच फुगलेले दिसत होते. मोबाइल जवळ नेला की सरळ कडासुद्धा पोट सुटल्यासारख्या दिसतात. तिला म्हटलं, “पॅक टेबलावर उभे कर. तीन फूट मागे सर, मोबाइल टेबलाच्या उंचीवर धर आणि झूम कर. उजेड खिडकीतून, एका बाजूने येऊ दे. बाजूला फूटपट्टी उभी ठेव.”

दुसऱ्या फोटोत चित्र बदललं. दुधाच्या पॅकचं पोट खालच्या बाजूला जरासं पुढे होतं, पण माथा सपाट. लिटरभर दुधाच्या वजनाने एवढं होतंच. ज्यूसच्या एका पॅकचा मात्र माथा घुमटासारखा वर आला होता, बूडही फुगलं होतं, म्हणून तो फूटपट्टीशेजारी तिरका उभा होता. स्ट्रॉ टोचायच्या जागेवरची चंदेरी चकती बाहेर आली होती. एरवी ती सपाट किंवा किंचित आत असते. तो पॅक तिथेच बाद. ज्यूस आंबट असल्याने त्यात बहुतेक वेळा यीस्ट वाढतं आणि ज्यूस आंबतो. दूध आंबट नसल्याने फुगलेल्या दुधात याहून घातक जंतू वाढू शकतात, आणि त्यांचं विष वासावरून कळेलच असं नाही. म्हणून ते चाखून बघायचं नाही, उकळून वापरायचं नाही, आणि “मांजराला घालू” हेही नको.

ज्यूसच्या आणखी एका पॅकचा कोपरा चेपला होता. मधल्या सपाट भागावरचा कोरडा पोचा मला फारसा घाबरवत नाही. कोपऱ्यावर किंवा शिवणीवर तीक्ष्ण घडी पडली, तर मात्र आतला पापुद्रा तडकतो, आणि तो तडा फोटोत दिसत नाही. शिवाय खोक्यात एक पॅक गळला तर शेजारचे सगळे ओले होतात, त्यामुळे गळतोय कोण हेही कळत नाही. तिला म्हटलं, “पॅक कोरडे पुसून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेव, सकाळी कागदाचा फोटो पाठव.” चेपलेल्या पॅकच्या कोपऱ्याखाली रुपयाएवढा ओला डाग उमटला होता. थेंब बाहेर येतो त्या वाटेने जंतू आत जातात. तोही बाद.

आता दुधाचा पॅक. फोटोत त्याच्यात खोट दिसेना, पण काही जंतू वायू न करताच दूध आंबवतात. म्हणून तारीख बघून तो उघडला, दूध भांड्यात ओतलं, गाठी नाहीत ना ते पाहिलं, वास घेतला, मग उकळलं. फाटलं नाही. चहा झाला.

फुगलेला पॅक टोचू नका, आतलं अंगावर उडतं. आधी त्याचा पूर्ण फोटो घ्या, मग बॅच नंबर आणि तारखेचा जवळून, आणि बिलाचाही. तक्रार करायची असेल तर पॅक न उघडता पिशवीत गुंडाळून, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, कारण उघडलेल्या पॅकवर दुकानदार हमखास म्हणतो, “तुमच्या घरीच खराब झालं.” राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक आहे १८००-२२२-३६५. अन्नसुरक्षा व मानके कायद्याच्या ४०व्या कलमानुसार, ठरलेली फी भरून ग्राहकालाही नमुना तपासून घेता येतो.