पंख्याचा कंडेन्सर आणि रबराचा पडदा
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी आपल्या सगळ्यांना एकच अट घातली आहे. आपल्या शिक्षणातली किंवा कामातली एक गोष्ट निवडायची आणि ती दहा मिनिटांत सगळ्यांना समजेल अशी सांगायची. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते, पण पदवी इलेक्ट्रॉनिक्सची आहे. म्हणून आज या सभागृहातल्या प्रत्येक पंख्यात बसलेली एक वस्तू मी निवडली आहे. पुस्तकात तिला धारित्र म्हणतात, आम्ही कपॅसिटर म्हणतो आणि वायरमन कंडेन्सर म्हणतो. पंखा हळू फिरायला लागला की तो म्हणतो, "कंडेन्सर गेलाय, बदलू या." आपण मान डोलावतो आणि पैसे देतो. तर हा जातो म्हणजे नक्की काय होतं, तिथपर्यंत आपल्याला पोहोचायचं आहे.

पुस्तकातलं वाक्य असं असतं : कपॅसिटर विद्युत भार साठवतो. हे वाचलं की डोळ्यांसमोर गच्चीवरची टाकी येते. सकाळी भरायची, दिवसभर वापरायची. हे चित्र फसवं आहे. त्याऐवजी दुसरी टाकी डोळ्यांसमोर आणा.

चारी बाजूंनी आणि वरूनही बंद असलेली टाकी. आत काठोकाठ पाणी, हवेचा बुडबुडासुद्धा नाही. टाकीच्या मधोमध रबराचा एक पडदा उभा ताणून बसवला आहे. त्याच्या कडा भिंतींना पक्क्या चिकटवल्या आहेत, त्यामुळे या कप्प्यातला थेंब त्या कप्प्यात जाऊ शकत नाही. डाव्या कप्प्याला एक पाइप आणि उजव्या कप्प्याला एक. दोन्ही पाइप एका पंपाला जोडलेत आणि तेही पाण्याने भरलेले आहेत.

आता पंप सुरू करा. तो उजवीकडून पाणी ओढतो आणि डावीकडे ढकलतो. डाव्या कप्प्यात पाणी वाढलं की पडदा उजवीकडे फुगतो. पडदा जेवढा फुगला तेवढंच पाणी उजव्या कप्प्यातून बाहेर पडतं. पडदा जसजसा ताणला जातो तसतसा तो उलटा रेटा देतो, आणि तो रेटा पंपाच्या जोराइतका झाला की प्रवाह थांबतो. पंप चालूच आहे, पण पाणी हलत नाही.

आता हिशोब करू. टाकीत एकूण पाणी किती वाढलं? काहीच नाही. डावीकडे एक लिटर आलं, उजवीकडून एक लिटर गेलं. मग साठलं काय? पडद्याचा ताण. दोन्ही पाइपांच्या चाव्या बंद करून पंप काढून नेला तरी तो ताण तसाच राहतो. नंतर दोन पाइपांच्या मध्ये एखादं छोटं पाणचक्र बसवून चाव्या उघडल्या, तर पडदा सरळ होताना ते चक्र गरगरा फिरवेल.

आता फक्त नावं बदला. पाणी म्हणजे विद्युत भार, पंप म्हणजे बॅटरी आणि पाण्याचा दाब म्हणजे व्होल्टेज. दोन कप्पे म्हणजे धातूच्या दोन पट्ट्या, आणि पडदा म्हणजे त्यांच्यामधला विद्युतरोधक थर. 'भरलेल्या' कपॅसिटरमधला एकूण भार शून्यच असतो. एका पट्टीवर जेवढे इलेक्ट्रॉन जास्त, तेवढेच दुसरीवर कमी. साठते ती ऊर्जा. कपॅसिटरची एकच वायर बॅटरीला जोडली तर काही होत नाही, तेही यातून कळतं. उजवा पाइप बंद असेल तर पडदा हलणार कुठे?

मग कपॅसिटर लहान-मोठा कशावरून ठरतो? एवढ्या दाबाला किती पाणी सरकलं, त्यावरून. पडदा मोठा, पातळ आणि मऊ असेल तर थोड्या दाबाला भरपूर पाणी सरकतं. कपॅसिटरमध्येही तेच असतं : पट्ट्यांचं क्षेत्रफळ जास्त, मधला थर पातळ आणि त्याचा पदार्थ योग्य, की धारिता वाढते. फॅरड हे तिचं एकक. छताच्या पंख्यात बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. त्यात पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची पातळ फिल्म असते आणि तिच्यावर धातूचा अगदी सूक्ष्म मुलामा. ही फिल्म ६ मायक्रॉन जाडीची धरली, तर २.५ मायक्रोफॅरडसाठी समोरासमोर येणारा पृष्ठभाग साधारण पाऊण चौरस मीटर लागतो. म्हणजे अभ्यासाच्या टेबलाएवढा पडदा गुंडाळून अंगठ्याएवढ्या डबीत कोंबलेला असतो.

आता पंख्याकडे वळू. घरातली वीज एकाच दिशेने ढकलणाऱ्या पंपासारखी नसते. ती सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे करते. त्यामुळे पडदा एकदा उजवीकडे फुगतो, एकदा डावीकडे, आणि दोन्ही पाइपांत पाणी सतत ये-जा करत राहतं. पडद्यातून एकही थेंब पलीकडे जात नाही, तरी बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की टाकीतून प्रवाह वाहतोय. 'कपॅसिटर डीसी अडवतो आणि एसी जाऊ देतो' या पाठ केलेल्या वाक्याचा अर्थ एवढाच आहे. २३० व्होल्ट थेट या कपॅसिटरवर आले असं धरलं, तर व्होल्टेजचं शिखर साधारण ३२५ व्होल्ट असतं. त्या क्षणी एका पट्टीवरून दुसरीकडे सरकलेले इलेक्ट्रॉन सुमारे पाच हजार लाख कोटी भरतात. आकडा ऐकून दडपून जाऊ नका. त्या ताणात साठलेली ऊर्जा जेमतेम शंभर ग्रॅमचं वजन तेरा सेंटिमीटर उचलण्याएवढी असते.

पंख्याला याची गरज का पडते? पडदा पूर्ण ताणलेला असतो तेव्हा दाब सर्वांत जास्त आणि प्रवाह क्षणभर शून्य असतो. पडदा सरळ होऊन मधून जात असतो तेव्हा दाब शून्य आणि प्रवाह सर्वांत जोरात असतो. म्हणजे प्रवाहाचं शिखर आधी येतं आणि दाबाचं मागून. वीस मिलिसेकंदांच्या एका फेरीत हे अंतर पाच मिलिसेकंदांचं असतं. पंख्याच्या मोटारीत तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. मुख्य गुंडाळीतला प्रवाह व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो. दुसरीच्या वाटेत कपॅसिटर घातला की तिचा प्रवाह पुढे सरकतो. मग दोन्ही गुंडाळ्यांचं चुंबकत्व एकाच वेळी शिखराला न जाता एकामागोमाग एक जातं, आणि त्यातून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पाती त्याच्या मागे धावतात.

यावरून बिघाडाची लक्षणं ओळखता येतात. कपॅसिटर पूर्ण तुटला असेल तर फक्त मुख्य गुंडाळी काम करते. तिचं चुंबकत्व जागच्या जागी उलटसुलट होत राहतं. पंखा गुणगुणतो, पण फिरत नाही. काठीने हलका धक्का दिला तर ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला तो रडतखडत फिरू लागतो. दुसरं लक्षण जास्त नेहमीचं असतं : पंखा सुरू होतो, पण रेग्युलेटर पाचवर असूनही तो तीनवर असल्यासारखा वाटतो. इथे कपॅसिटर गेलेला नसतो, तो झिजलेला असतो.

झिजतो म्हणजे काय होतं, हा भाग मला सर्वांत आवडतो. फिल्ममध्ये एखादी जागा कमजोर असते. विजेचा दाब क्षणभर उसळला की तिथे भोक पडतं. रबराच्या पडद्याला भोक पडलं तर टाकी संपली. पण इथे ठिणगी पडताच भोकाभोवतीचा धातूचा मुलामा जळून उडून जातो, आणि ती जागा आपोआप बाकीच्यापासून तुटते. कपॅसिटर चालू राहतो, पण त्याच्या पडद्याचा एक ठिपका बाद होतो. असे ठिपके वर्षानुवर्षं वाढत गेले की काम करणारा पृष्ठभाग कमी होतो. २.५ चे २ होतात, मग दीड, आणि पंखा मंदावत जातो.

खात्री कशी करायची? आधी मेन स्विच बंद करा. मग हाताने पाती फिरवून पाहा. ती अडकत असतील तर दोष बेअरिंगचा. सहज फिरत असतील तर कपॅसिटर काढून धारिता मोजणाऱ्या मल्टिमीटरला लावा. डबीवर बहुधा पाच टक्क्यांची मुभा लिहिलेली असते, म्हणजे २.५ चा कपॅसिटर २.४ च्या जवळपास दिसला तर ठीक. १.८ दिसला तर बदला. मात्र बदलताना तेवढ्याच धारितेचा लावा. "चारचा टाकतो, जोरात फिरेल," असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. मोठ्या पडद्यातून दुसऱ्या गुंडाळीत ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह ये-जा करतो आणि ती तापते. डबीवर ४४० व्होल्ट लिहिलेलं असतं तेही पाहून घ्या. चालू पंख्यात कपॅसिटरवर येणारा दाब घरच्या २३० पेक्षा जास्त असू शकतो, आणि पडदा तेवढा ताण सोसणारा हवा.

सावधगिरीची गोष्टही टाकीच सांगते. चाव्या बंद केल्या तरी ताण राहतो. पंखा बंद केल्यावर कपॅसिटरमधला भार सहसा दोन्ही गुंडाळ्यांमधून ओसरून जातो. पण गुंडाळी तुटलेली असेल तर त्याला वाट मिळत नाही, आणि स्विच बंद असूनही हाताला झटका बसू शकतो. एसीच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये हा धोका आणखी मोठा. तो काम माहीत असलेल्याकडूनच उघडून घ्या.

शेवटी, ही उपमा कुठे थांबते तेही सांगायला हवं, नाहीतर विज्ञानाच्या बाई मला पुन्हा बाकावर उभं करतील. रबर जास्त ताणलं की अधिकाधिक कडक होत जातं. चांगला कपॅसिटर तसा नसतो. दाब दुप्पट केला की भार बरोबर दुप्पट सरकतो, थेट फाटेपर्यंत. दुसरं जास्त महत्त्वाचं. पट्ट्यांमधला थर काढून तिथे पूर्ण निर्वात पोकळी ठेवली तरी कपॅसिटर चालतो, फक्त धारिता कमी होते. पॉलिप्रॉपिलीन असताना ती सव्वादोन पटींच्या आसपास असते, एवढाच फरक. म्हणजे पडदा नाही आणि ताण मात्र आहे. तो ताण असतो पट्ट्यांमधल्या विद्युत क्षेत्राचा. रबर फक्त आपल्या समजुतीसाठी होतं.

आता वर पाहा. डावीकडून तिसरा पंखा बाकीच्यांपेक्षा हळू फिरतोय. काय झालं असेल, ते आता तुम्हीच सांगा.