वॉशिंग मशीनला येणारा कुबट वास

धुतलेल्या कपड्यांना कुबट वास येतो, त्यांवर करडे, चिकट कण दिसतात. पण ड्रम पाहावा तर लख्ख! समोरून दार असलेल्या मशीनमध्ये खरा मळ ड्रमच्या मागे, बाहेरच्या टाकीत असतो. थंड पाण्यात जास्त पावडर टाकली की ती पुरती विरघळत नाही. कपड्यांतला तेलकटपणा आणि तंतू तिला चिकटतात आणि त्या थरावर बुरशी वाढते.

हे ओळखायचं कसं? कपडे आणि पावडर न घालता साठ अंशांवर मशीन चालवा. थोड्या वेळाने काचेतून फेस दिसला, तर तो जुन्या साबणाचा आहे.

मग मशीन बंद करून प्लग काढा. पाणी निवलं की खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडा, पुढे पसरट ताट ठेवा आणि फिल्टर हळूहळू फिरवा. आत साचलेलं पाणी एकदम येतं. फिल्टर आणि त्यामागची पोकळी जुन्या टूथब्रशने घासा. दाराच्या रबराची घडी उलटून पुसा. त्यानंतर फिल्टर घट्ट बसवा, प्लग लावा आणि ड्रम साफ करण्याची पावडर घालून पुन्हा गरम पाण्यावर रिकामं मशीन चालवा. फेस फार असेल, तर हे दोनतीनदा करावं लागतं.

तरीही वास राहिला, तर सांडपाण्याची नळी तपासा. ती गटाराच्या पाइपात फार खोल गेली असेल, तर वास तिथूनच येतो.

यापुढे पावडर मोजून घाला आणि धुणं झाल्यावर दार किलकिलं ठेवा. आणि ब्लीच व व्हिनेगर कधीही एकत्र वापरू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू तयार होतो.