बाईंची वही आणि ‘बिहाइंड यू’



मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, शाळेच्या आठवणी सगळेच सांगतील, मी बाईंच्या वहीबद्दल बोलते. आपल्यापैकी पुष्कळांना ती आठवत असेल. निळ्या पुठ्ठ्याची, आणि आत बाहुल्यांच्या खेळाची संहिता. दोन बाकं एकावर एक, त्यावर सतरंजी, आणि मागे एकट्या बाई. अर्धवटरावासारखी बोलकी बाहुली आपल्याकडे नव्हती. आपल्या हातमोज्याच्या बाहुल्या होत्या, कागदाच्या लगद्याची डोकी असलेल्या. तर्जनी मानेत, अंगठा आणि मधलं बोट हातांत. आजोबा, आजी, बंड्या आणि आजीचे सुके बोंबील पळवणारा चोर, एवढेच चौघे.

माझी भाची स्टेशनजवळच्या एका इंग्रजी शाळेत दुसरीला शिकवते. तिच्या वर्गात राई-मुर्ध्याची मुलं आहेत, तशी गुजराती, मारवाडी, हिंदी बोलणारीही आहेत. ती म्हणाली, “मावशी, तो खेळ आमच्या मुलांना इंग्रजीत करून दाखव ना.” मी बाईंकडून वही आणली. दहा पानांचा खेळ, दोन संध्याकाळी पुरेत, असं मला वाटलं.

पहिली चूक मी कागदावरच केली. आजोबा झोपलेत आणि मुलांनी ओरडायचं, “आजोबा, उठाऽऽ!” बाईंनी ते तीनदा लिहिलंय. पहिल्या हाकेला आजोबा घोरतात, दुसऱ्या हाकेला कूस बदलतात, तिसऱ्या हाकेला दचकून उठतात. इंग्रजीत तेच वाक्य एकाखाली एक तीनदा लिहिलेलं मला बाळबोध दिसायला लागलं. म्हणून मी एकच ठेवलं, ‘ग्रँडपा, वेक अप!’

खेळाच्या दिवशी मुलं ओरडली, आजोबा लगेच उठून बसले, आणि डाव्या बाजूने चोराऐवजी माझा उघडा हात वर आला, बांगड्यांसकट. पुढच्या रांगेतला एक मुलगा ओरडला, “टीचर, हँड!” मग सगळा वर्ग “हँड! हँड!”

घरी येऊन वही पुन्हा उघडली. त्या तीन हाकांच्या शेजारी समासात बाईंच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘बाहुली बदल’. मी ते वाचलं होतं, पण समजले नव्हते. खेळ करणारी एकटी, हात दोन, बाहुल्या चार. उजव्या हातावर आजोबा घोरत असतात, तेवढ्या वेळात डाव्या हातातली आजी काढून चोर चढवायचा. बाहुल्या बाकाच्या मागे खिळ्यांना उलट्या टांगलेल्या असतात, म्हणजे हात सरळ आत जातो, तरी पाच-सहा सेकंद लागतातच. ते सेकंद मुलं ओरडून भरून काढतात. मुलांना वाटतं आपण आजोबांना उठवतोय, आणि खरं तर ती बाईंना वेळ काढून देत असतात. तेव्हा तिन्ही हाका मी मुकाट्याने परत घातल्या.

दुसरी गोष्ट कळायला आणखी एक खेळ लागला. तीनदा ओरडूनही आवाज चढत नव्हता. ‘ग्रँडपा, वेक अप’ मोठ्याने म्हणून बघा. शेवटी ‘प’ येतो, ओठ मिटतात, आवाज तिथेच तुटतो. आपलं ‘उठाऽऽ’ दम असेपर्यंत लांबवता येतं, म्हणून मागे राहिलेलं पोरसुद्धा त्या ‘आ’मध्ये येऊन मिळतं आणि पन्नास मुलांचा एक आवाज होतो. मी शब्दांची फक्त जागा बदलली, ‘वेक अप, ग्रँडपाऽऽ!’ तोंड उघडं राहिलं आणि वर्ग दणाणला.

मग प्रत्येक हाक मी आधी स्वयंपाकघरात ओरडून पाहायला लागले. यजमानांनी एकदा काळजीने विचारलंही. चोर मागून येतो तेव्हा आपण ओरडायचो, “मागेऽऽ!” त्याचं मी ‘लुक बिहाइंड’ केलं होतं. तेही शेवटी मिटतं. ‘बिहाइंड यूऽऽ’ मात्र लांबतं. इंग्लंडमध्ये नाताळच्या सुमारास मुलांसाठी पँटोमाइम नावाची विनोदी नाटकं होतात, त्यांत प्रेक्षकांनी ओरडायचं ठरलेलं वाक्य हेच आहे. म्हणजे तिथल्या पोरांनी हे माझ्या कितीतरी आधी शोधून ठेवलं होतं. ‘यस’ही असंच फसवं. आपलं ‘होऽऽ’ घुमतं, ‘यस’ नुसतं फुसफुसतं. म्हणून जिथे बाईंनी ‘सांगू का आजोबांना?’ ‘होऽऽ’ असं लिहिलंय, तिथे मी प्रश्नच उलटा केला, ‘शॅल आय कीप क्वाएट?’ आणि उत्तर आलं, “नोऽऽ!”

विनोदांत सगळ्यात छळलं बहिऱ्या आजोबांनी. बंड्या सांगतो, “आजोबा, चोर!” आजोबा म्हणतात, “मोर? पिसारा फुलवलाय का?” “चोर हो!” “बोर? मला दात नाहीत रे.” “चोर!” “दोर? विहिरीवर आहे.” चोराला इंग्रजीत ‘थीफ’. त्याला जुळणारे, दुसरीतल्या मुलाला माहीत असलेले शब्द शोधले तर ‘लीफ’ सापडलं, आणि दुसरं ‘बीफ’. ते शाळेत म्हणता येईना. आठवडाभर अडून बसले. शेवटी ठरवलं, शब्द जुळत नसेल तर चोरच बदलू. मुलांच्या पहिल्याच पुस्तकात कॅट, मॅट, हॅट असतात. बोंबील पळवायला मांजराइतकं लायक कोण? चोराच्या काळ्या टोपीला दोन कान शिवले, झालं.

आता बंड्या ओरडतो, “ग्रँडपा, अ कॅट!” आजोबा म्हणतात, “अ हॅट? इट्स ऑन माय हेड.” “अ कॅट!” “अ मॅट? आय ॲम सिटिंग ऑन इट.” “अ कॅट!” “अ रॅट? देन कॉल द कॅट!” आणि मांजर मागून ऐटीत हजर. बाई, रागावू नका, पण हा शेवट मराठीपेक्षा बरा जमलाय, कारण आजोबांच्या चुकीतूनच चोराला आमंत्रण जातं. मात्र तुमच्या चोराच्या पाठीवर आजी लाटणं हाणते ते मला सोडावं लागलं. मांजराला मारलेलं मुलांना सहन होईना, दोघी-तिघी रडवेल्या झाल्या. आता आजी नुसती पाठलाग करते.

‘ऊठ काय रे? उठा म्हण!’ असं आजी बंड्याला दटावते, तेही गेलं. इंग्रजीला एकच ‘यू’, तिथे आजोबा आणि बंड्या सारखेच. त्या जागी आजी ‘से प्लीज!’ म्हणते. चालतं, पण आजोबांचा मान त्यात येत नाही. याला मला अजून काही सुचलेलं नाही, कुणाला सुचलं तर सांगा.

एक शब्द मात्र मी बदललाच नाही. आजी मांजराच्या मागे धावताना म्हणते, “थांब मेल्या!” त्याचं इंग्रजी करायला गेलं की एकदम तिरडीच डोळ्यांसमोर येते, माया सगळी उडून जाते. म्हणून आमची आजी फाडफाड इंग्रजी बोलते आणि शेवटी म्हणते, “स्टॉप, मेल्या!” तीनदा म्हणते. तिसऱ्यांदा मुलंच म्हणतात, आणि ‘मेल्याऽऽ’ लांबतंही मस्त.

मागच्या खेळानंतर मी पिशवी घेऊन फाटकातून बाहेर पडत होते. एक छोटा गुजराती मुलगा व्हॅनच्या खिडकीतून हात हलवत ओरडला, “बाय बाय, मेल्याऽऽ!”