परवाना कुणाच्या रक्षणासाठी?
(कोळवण, ता. मुळशी येथे महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



धंदा म्हटला की परवाना आला, आणि परवाना म्हटला की अटी आल्या. अटींबद्दल कुणाची तक्रार नसते. पण एखादी अट बाईच्या नावाने, बाईच्या भल्यासाठी म्हणून घातली जाते, तेव्हा ती नीट वाचायला हवी. आज मी तेवढंच सांगणार आहे.

संविधानाच्या कलम १९ प्रमाणे कोणताही व्यवसाय किंवा धंदा करण्याचा हक्क आपल्याला आहे. जनहितासाठी सरकार त्यावर 'वाजवी' निर्बंध घालू शकतं. वाजवी म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्येच विड्यांच्या खटल्यात सांगितलं. सागर जिल्ह्यातल्या काही गावांत शेतीच्या हंगामात विड्या वळायला बंदी होती. शेतीला मजूर मिळावेत, हा हेतू. हेतू चुकीचा नव्हता. पण म्हाताऱ्या बायका, अपंग माणसं शेतात जाऊच शकत नव्हती. त्यांचं विड्यांचं काम थांबवून शेतीला एकही मजूर मिळणार नव्हता. न्यायालयाने बंदी रद्द केली. हेतू चांगला असून भागत नाही. त्या हेतूला जेवढा लागेल तेवढाच निर्बंध हवा.

आता आपल्या महाराष्ट्रात या. २००५ साली सरकारने पोलीस कायद्यात दुरुस्ती करून डान्सबार बंद केले. त्याच कायद्यात तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. म्हणजे तोच नाच स्वस्त बारमध्ये अश्लील आणि महागड्या हॉटेलात चालण्यासारखा! स्त्री संघटनांमध्येही तेव्हा फूट पडली. काही बंदीच्या बाजूने होत्या, काही नाचणाऱ्या बायकांच्या रोजगाराच्या बाजूने. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. बंदीने कित्येक बायकांचा रोजगार गेला आणि नाइलाजाने काहींवर देहविक्रीची पाळी आली, हे न्यायालयाने नोंदवलं. बायकांचं शोषण थांबवायचं तर त्यांची सुरक्षा आणि कामाची परिस्थिती सुधारा, असं त्याचं म्हणणं होतं.

बंदी तर उघड दिसते. परवान्यातली अट मात्र कागदाच्या मागच्या पानावर असते. ऑर्केस्ट्रा बारचं उदाहरण घ्या. तिथे गाणी-वाजवणी होतात. पोलिसांकडून मिळणाऱ्या परवान्यात अट होती की मंचावर चार बायका आणि चार पुरुष, एवढेच कलाकार असावेत. ऐकायला किती समतेची वाटते! पण हिशोब करून बघा. बारमालकाला आठही गायिका हव्या असल्या, तर पाचव्या बाईला काम नाही. ती चांगली गात असली तरी नाही. तिच्या जागी पुरुष घ्यायचा किंवा जागा मोकळी ठेवायची. मालकाचा धंदा थोडा अडला, पाचवीचा मात्र रोजगारच गेला.

सरकारचं म्हणणं होतं, हे बायकांच्या संरक्षणासाठी आहे. मग विचारा, चौघी सुरक्षित आणि पाचवी आली की असुरक्षित, असं कशावरून? त्रास गिऱ्हाईक देतो. त्याला आवरायला कायदा आहे, पोलीस आहेत. बाईला मंचावरून उतरवल्याने तो सुधारत नाही.

उच्च न्यायालयाने ही अट योग्य ठरवली होती. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी 'हॉटेल प्रिया' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. संरक्षणाचा बुरखा घेतलेली ही अट समानतेच्या आणि व्यवसायाच्या हक्काला मारक आहे, असा निकालाचा आशय. पण त्याची मर्यादाही ध्यानात घ्या. मंचावर एकूण आठच कलाकार, ही अट राहिली. त्यात बाया किती आणि पुरुष किती, हे मात्र परवाना ठरवणार नाही.

तुम्ही म्हणाल, मग आपण गावातलं दारूचं दुकान बंद करायला मतदान मागतो, तेही धंद्यावर घाला नाही का? नाही. दारूच्या व्यापाराला न्यायालयांनी मूलभूत हक्क मानलेलं नाही. म्हणूनच २००८ च्या आदेशाखाली एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकजणींनी आडवी बाटली निवडली, तर दुकान बंद होऊ शकतं. ऑर्केस्ट्रा बारमध्येही दारूचा परवाना वेगळा आणि गाण्याचा वेगळा. दारू विकणं सरकारच्या मर्जीवर, पण गाणं हा त्या बाईचा व्यवसाय आहे, आणि तो हक्काचा आहे. ही दोन टोकं एकत्र बांधली की घोटाळा होतो.

तेव्हा उद्या तुमच्यापुढे असा कागद आला, तर तीन गोष्टी विचारा. या अटीने नेमकं काय साधायचं आहे? ते या अटीने खरंच साधतं का? आणि बाईचं काम न काढता ते साधता आलं नसतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'आलं असतं' असं असेल, तर ती अट वाजवी नाही.