‘सर्वांचे मत’ म्हणजे नेमके कोणाचे?

(बावडा, ता. इंदापूर, जि. पुणे येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअरचं काम करतो, पण आज बोलणार आहे ते आपल्या प्रोसिडिंग बुकाबद्दल. एका कब्रस्तान समितीच्या सचिवांनी मला सभेचं कच्चं टिपण दिलं आणि म्हणाले, “वहीत चढवायच्या आधी जरा नीट लिहून द्या.” समितीचं नाव घेत नाही. टिपण असं होतं :

“कंपाउंड भिंतीवर बराच गोंधळ झाला. काही जणांनी नेहमीप्रमाणे अडथळा आणला. अध्यक्षांनी समजूत काढली. ग्रामपंचायतीकडे लवकरात लवकर अर्ज करावा असे सर्वांचे मत पडले.”

आधीच्या सभेच्या इतिवृत्तातही जवळपास हेच शेवटचं वाक्य होतं. अर्ज मात्र गेलाच नव्हता. सचिवांना वाटलं अध्यक्ष देणार, अध्यक्षांना वाटलं सचिव देणार. दोघांपैकी कुणी खोटं बोलत नव्हतं, कारण वहीत कुणाचंच नाव नव्हतं.

मी सचिवांना एकेका शब्दावर विचारत गेलो. ‘गोंधळ’ म्हणजे काय झालं? अडथळा कुणी आणला, काय म्हणून? तेव्हा कळलं की एका महिला सदस्याने आणि दुसऱ्या एका सदस्याने सांगितलं होतं : पूर्वेला शेजारच्या शेताची हद्द नक्की नाही, आधी सरकारी मोजणी करू, मग भिंत. हा अडथळा नव्हता, मुद्दा होता. भिंत दुसऱ्याच्या जमिनीत गेली तर वाद समितीच्याच गळ्यात येणार होता. आणि ‘सर्वांचे मत’? हात वर करून मोजलं तेव्हा ९ बाजूने आणि २ विरुद्ध होते. मोजणीचं काय ठरलं, असं विचारल्यावर सचिव म्हणाले, “अध्यक्ष म्हणाले, बघू.”

मग मी असं लिहिलं :

चर्चा : भिंतीसाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करण्याचा प्रस्ताव अध्यक्षांनी मांडला. दोन सदस्यांनी (इथे दोघांची नावं) पूर्वेची हद्द निश्चित नसल्याने आधी मोजणी करावी, असे सांगितले.
निर्णय : अर्ज करावा. बाजूने ९, विरुद्ध २. मोजणीबाबत निर्णय झाला नाही.
काम : ग्रामपंचायतीकडे अर्ज देणे. जबाबदारी : ठरली नाही. मुदत : ठरली नाही.

शेवटची ओळ वाचून सचिव अस्वस्थ झाले. म्हणाले, “हे बरं दिसत नाही. अध्यक्षांचं नाव आणि महिनाअखेरची तारीख टाकून द्या.” मी नाही म्हणालो. इतिवृत्त लिहिणाऱ्याने भाषा बदलावी, निर्णय बदलू नये. सभेत ज्याने काम अंगावर घेतलं नाही त्याचं नाव आपण लिहिलं, तर तो उद्या म्हणेल, “मी कधी हो म्हटलं?” आणि त्याचं खरं असेल. सभेत राहिलेली फट वहीत दिसलीच पाहिजे.

पुढच्या सभेत मागील इतिवृत्त कायम करण्यासाठी वाचलं गेलं, तेव्हा ‘ठरली नाही’ हे दोनदा सगळ्यांच्या कानावर पडलं. मोजणीचा विषयही पुन्हा निघाला आणि या वेळी भिंतीआधी मोजणी असं ठरलं. कामांचा तक्ता चर्चेखाली वेगळा लिहिला :

१. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज. जबाबदारी : खजिनदार. मुदत : १५ तारीख. खूण : फी भरल्याची पावती सचिवांकडे.
२. ग्रामपंचायतीकडे भिंतीचा अर्ज. जबाबदारी : सचिव. मुदत : मोजणीचा नकाशा मिळाल्यापासून ७ दिवस. खूण : आवक क्रमांक असलेली पोच.

इथे तीन गोष्टी पाहा. एका कामापुढे एकच माणूस आहे. आमच्या कंपनीतही एका तक्रारीला एकच नाव लागतं. मदत पाच जण करतील, पण विचारायचं एकाला. ‘समितीने करावे’ लिहिलं की विचारायला कुणीच उरत नाही. दुसऱ्या कामाला पक्की तारीख देता येत नव्हती, कारण नकाशा कधी मिळेल हे आपल्या हातात नाही. म्हणून मुदत त्या घटनेपासून मोजली. आणि काम झालं हे तोंडी सांगून चालत नाही, त्याचा कागद कोणता तेही लिहिलं.

एक मर्यादा सांगतो. हे सगळं कच्च्या टिपणावर करायचं. वाचून कायम झालेलं, सही झालेलं इतिवृत्त खोडायचं नाही. त्यात चूक सापडली तर पुढच्या सभेत दुरुस्ती म्हणून नोंदवायची आणि मूळ पान तसंच ठेवायचं.

तुमच्या पुढच्या सभेत चहा येण्याआधी सचिवांनी उभं राहून फक्त तक्ता वाचावा : काम, नाव, तारीख. ज्याचं नाव येईल त्याने तिथेच हो किंवा नाही म्हणावं. आणि त्या बाईंचं नाव आता वहीत, त्यांच्या मुद्द्याशेजारी आहे. पूर्वी त्या ‘काही जण’ होत्या.