मुलाखतीनंतरचे मौन
(न्यू जर्सीतील मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पूर्वी मुलगी बघायला आलेली मंडळी पोहे खाऊन, चहा पिऊन, "घरी बोलून कळवतो" असे म्हणून जात. त्या "कळवतो"चा अर्थ घरातल्या सगळ्यांना कळायचा आणि मुलीच्या बापाने लगेच दुसऱ्या स्थळाची चौकशी सुरू केलेली असायची. इथल्या रिक्रूटरच्या "वी विल गेट बॅक टू यू"चा अर्थ मात्र आपल्याला कळत नाही. मी अकरा वर्षे कंपन्यांसाठी माणसे निवडण्याचे काम केले, म्हणजे हे मौन पाळणाऱ्यांपैकीच मी एक होते. तेव्हा आतली बाजू आधी सांगते.

एका जागेसाठी शेवटच्या फेरीपर्यंत साधारण तीन-चार जण पोचतात. पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर जाते. तो विचाराला चार-पाच दिवस मागतो, पगारावर घासाघीस करतो, मग त्याची पार्श्वभूमी तपासणी होते. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. तेवढा काळ दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराला "नाही" म्हणता येत नाही, कारण पहिला फिसकटला तर तोच हवा असतो. आणि "तुम्ही दुसरे आहात" हे तर सांगवतच नाही. म्हणून रिक्रूटर गप्प बसतो. हे सभ्यपणाचे नाही, पण असे चालते खरे. दुसरे कारण म्हणजे जागेचे बजेटच थांबते. तिसरे कारण कुणाच्या डोक्यात येत नाही: रिक्रूटर स्वतःच कंत्राटी असतो, त्याचे कंत्राट संपते आणि तुमची फाईल कुणाच्याच टेबलावर नसते.

बाहेरून ही तिन्ही मौने सारखीच दिसतात. कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या अर्जापुढे "विचाराधीन" लिहिलेले असते, त्यावरून काही कळत नाही. ते कित्येकदा महिनोन्‌महिने कुणी बदलत नाही. जाहिरात पुन्हा झळकली म्हणजे आपण बाद, असेही नाही. बऱ्याच जाहिराती आपोआप नव्या तारखेने चढतात. तेव्हा विचारण्यावाचून उपाय नाही. प्रश्न एवढाच, की कधी, किती वेळा आणि कुठे थांबायचे.

एक उदाहरण सविस्तर सांगते. आपल्या ओळखीतला एक तरुण, एच-१बीवर. नोकरीचा शेवटचा दिवस २ मे २०२५. अशा माणसाला २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते; आय-९४ची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढीच. म्हणजे याचा साठावा दिवस १ जुलै. त्याच्या आत नव्या कंपनीचा अर्ज सरकारदरबारी पोचायला हवा.

२० मेला एका कंपनीत शेवटची फेरी झाली. त्याने एक गोष्ट चांगली केली: उठण्यापूर्वी विचारले, "निर्णय साधारण कधीपर्यंत होईल?" उत्तर आले, "पुढच्या आठवड्यात." दुसऱ्या दिवशी त्याने आभाराची चार ओळींची मेल टाकली. तीही योग्यच, ती चोवीस तासांत जावी.

२३ तारखेला मात्र त्याने मला फोन केला, "मावशी, काहीच नाही आले हो, पुन्हा मेल टाकू का?" मी म्हटले, मुळीच नाही. त्यांनी दिलेला आठवडा अजून सुरूही झालेला नाही, आणि त्यातला सोमवार मेमोरियल डेचा. दिलेल्या मुदतीआधी विचारणारा माणस उतावळा दिसतो. मुदत ३० मे, शुक्रवारी संपणार. त्यावर कामाचा एक दिवस सोडायचा आणि मंगळवारी, ३ जूनला सकाळी पहिली मेल टाकायची. (मुदत दिलीच नसेल, तर मी कामाचे सात दिवस धरते.)

ही मेल मुलाखत ठरवतानाच्या त्याच मेलला उत्तर म्हणून पाठवायची, म्हणजे नाव, जागा, तारीख सगळे खाली असते आणि रिक्रूटरला शोधावे लागत नाही. "काही अपडेट?" असे विचारू नये, त्याला उत्तर द्यायला चार जणांना विचारावे लागते, म्हणून ती मेल मागे पडते. एका ओळीत उत्तर देता येईल असे विचारावे: "ही जागा अजून चालू आहे का? असल्यास निर्णय कुठल्या आठवड्यात अपेक्षित आहे?" एवढेच. मागच्या मौनाबद्दल तक्रारीचा सूरही नको.

उत्तर आले नाही. मग आम्ही कॅलेंडर उलटे मोजले. १ जुलैला अर्ज पोचायचा, तर त्याआधी कामगार खात्याची एलसीए मंजूर हवी. तिला कामाचे सात दिवस लागतात आणि मध्ये १९ जूनची सुट्टी. म्हणजे एलसीए १८ जूनच्या पुढे ढकलता येत नाही. वकिलाला कागद जमवायला तीन-चार दिवस द्या. थोडक्यात, १३ जूनपर्यंत लेखी ऑफर नसेल, तर ही कंपनी त्याच्यापुरती संपली. त्यांनी नंतर "हो" म्हटले तरी उपयोग नव्हता. थांबण्याची तारीख अशी त्याच्या स्वतःच्या कॅलेंडरवर आधीच ठरलेली होती. ती रिक्रूटरने ठरवायची नव्हती.

दुसरी मेल १० जूनला, बरोबर एका आठवड्याने. यात दोन फरक केले. एक, तारीख स्पष्ट दिली: "मला १३ जूनपर्यंत निर्णय घ्यावा लागणार आहे, त्याआधी आपले मत कळले तर बरे होईल." हे खरेच होते, खोट्या ऑफरची धमकी कधी देऊ नये, "मग ती घ्या" असे उत्तर येते. दुसरे, मुलाखतींच्या वेळा ठरवणाऱ्या बाईंना प्रत पाठवली. मॅनेजरला परस्पर गाठू नये, रिक्रूटर दुखावतो. पण वेळा ठरवणारी व्यक्ती कायम जागेवर असते आणि तिला खरे काय ते माहीत असते.

तीन तासांत त्यांचेच उत्तर आले. रिक्रूटरचे कंत्राट मेअखेर संपले होते आणि जागा बजेटसाठी थांबवली होती. पहिल्या मेलला उत्तर का आले नाही, ते तेव्हा कळले: ती वाचायला माणूसच नव्हता.

तिथे तो थांबला. हातात दुसरी, थोड्या कमी पगाराची ऑफर होती, ती स्वीकारली. १६ जूनला एलसीए दाखल, २६ला मंजूर, २७ला अर्ज रवाना. ऑगस्टमध्ये पहिल्या कंपनीचा फोन आला, जागा उघडली आहे म्हणून!

एजन्सीमार्फत गेला असाल, तर गणित वेगळे. एजंटला तुमची नोकरी लागल्यावरच पैसे मिळतात, म्हणून त्याला दोन दिवसांनी फोन करायलाही हरकत नाही. तो गप्प असेल, तर बहुधा त्याची गिऱ्हाईक कंपनीच गप्प असते.

बाकीच्यांसाठी माझे मोजमाप दोन मेलचे. दुसरीनंतर कामाचे पाच दिवस गेले, की ते नाव यादीतून खोडा. तिसरी मेल फक्त नवे काही सांगण्यासारखे असेल तर, उदाहरणार्थ खरीखुरी दुसरी ऑफर.

कुणी विचारेल, यावर कायदा का नाही? शेजारच्या ओंटारिओत आहे. १ जानेवारी २०२६ पासून तिथे पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला, जाहीर केलेल्या जागेसाठी मुलाखत घेतलेल्या उमेदवाराला ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही हे कळवावे लागते. आपल्या इथे असा केंद्रीय कायदा नाही. आपल्या राज्याच्या प्रतिनिधीला या विषयावर पत्र लिहायचे असेल, तर मसुदा मी आणला आहे. चहाच्या वेळी बघून घ्या.